बिनधुराचं बाळंतपण

मार्गशीर्षातला शेवटचा रविवार होता. ठरलेली रक्कम बारा हजार, त्यांपैकी दोन हजार विसार म्हणून तेव्हाच दिले. हजर होतो आम्ही पाच जण: मी, माझे यजमान, सातवा लागलेली आमची मुलगी, तिची सासू म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि विसार घेणारी मावशी. मावशी आमच्या आळीतली. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक-शेगडी करणं हे तिचं काम. श्रीवर्धनात तिच्या हातून न्हालेली मुलं आता मिशांना पीळ देत फिरतात. तिला आधी सांगून ठेवलं नाही तर ती मिळत नाही, म्हणून ही घाई.

मावशीने ओटीवर बसून कामाची यादी बोटांवर मोजून दाखवली. "सव्वा महिना रोज येनार. आधी बाळाचा, मग बाळंतिनीचा. तेल तुमचा, हात माझा. न्हानं झाला की शेगडी खाटेखाली. वर ओवा, शेपा, लसनीच्या साली, वावडिंग. धुरी अशी देईन की कंबर पुन्ना दुखायची न्हाय."

"धुरी भरपूर द्या हं," विहीणबाई म्हणाल्या. "हिला सर्दीचा कोठा आहे."

मुलगी सुपारीच्या पोत्याला टेकून बसली होती. ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबायला वेळ लागला. मावशी म्हणाली, "बघा, आत्तापास्नं धुरी मागतंय पोरगं." सगळे हसले. मीही हसले.

मुलीला दमा आहे. सहावीत असताना पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून दोन पंप तिच्या दप्तरात, मग कॉलेजच्या पिशवीत, मग पर्समध्ये. एक तपकिरी, तो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्रास असो नसो. दुसरा निळा, तो दम लागला तरच. तपकिरी नेमाने घेतला की निळा महिनोन्‌महिने तसाच राहायचा. लग्न झालं, नवी मुंबईत नोकरी लागली, तरी हा क्रम चालू होता. मी इथल्या एका पतपेढीत हिशेबनीस आहे. क्रम मोडला की माझ्या नजरेला खुपतं. पण मुलगी दीडशे किलोमीटरवर असताना काय खुपणार? ती माहेरी आली तेव्हा पर्समध्ये दोन्ही पंप दिसले, आणि मी निर्धास्त झाले.

पौष लागला. आमच्याकडे हे दिवस सुपारीचे. वाडीतून घड उतरतात, अंगणात ताडपत्रीवर पसरतात. दिवसभर ऊन खायला घालायची आणि दव पडायच्या आत उचलून घरात आणायची. घरात म्हणजे मधल्या खोलीत, कारण ती कोरडी आणि उबदार. मुलीलाही आम्ही तीच खोली दिली होती, कारण ती कोरडी आणि उबदार. एका बाजूला तिची खाट, दुसऱ्या बाजूला सुपारीचा ढीग. अर्धवट वाळलेल्या सुपारीला एक कुबट वास असतो. ढीग हलवला की बारीक धूळ उडते. आम्हाला तो वास येत नाही, जन्म त्यात गेला. मुलीला लहानपणी या दिवसांत आत्याकडे माडीवर झोपवायचो, हे माझ्या ध्यानात होतं. पण माडीचा जिना उभा आहे, आणि पोटुशीने जिना चढू नये असं सगळ्यांचंच मत पडलं.

शिवाय न्हाणीघर. आमच्याकडे आजही आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं. जळणाला झावळ्या आणि सुपारीच्या साली, वाडीतल्याच, फुकट. माहेरपणाला आलेल्या लेकीला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं म्हणून यजमान पहाटे उठून स्वतः चूल पेटवायचे. दवाने ओलसर झालेल्या साली पेटण्याआधी खूप धुमसतात.

मुलगी हळूहळू कमी बोलू लागली. आधी एका दमात दहा वाक्यं सांगणारी पोर, आता अर्ध्यावर थांबून श्वास घ्यायची आणि पुढचं सोडून द्यायची. विहिरीपर्यंत जाऊन आली की खांबाला हात लावून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "पोट वर आलंय ना आई, दम लागणारच." आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई हेच म्हणत होती. माझ्या वेळी मलाही सातव्यात थोडा दम लागायचा, तेव्हा मलाही ते पटलं. फक्त एक गोष्ट पटत नव्हती. मला दम लागायचा, पण छातीतून शिट्टी वाजायची नाही. ती हिच्या वाजत होती, आणि उशीला पाठ टेकवली की जास्त.

एका दुपारी तिची पर्स आवरताना मी दोन्ही पंप हातात घेतले. आताच्या पंपांना पाठीमागे एक लहानशी खिडकी असते, किती मात्रा उरल्या त्याचा आकडा तिच्यात दिसतो. निळ्याचा आकडा चार दिवसांपूर्वी मी सहज पाहिला होता त्याहून बराच खाली आला होता. तपकिरीचा तोच होता. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि दोन्ही पंप खाटेवर ठेवले.

"हा तू घेत नाहीस."

ती चादरीची सुरकुती सरळ करत बसली.

"कधीपासून?"

"टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हापासून."

म्हणजे पाच महिने होऊन गेले होते.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी असं नाही. सासूबाई म्हणाल्या, त्यात स्टिरॉइड असतं, बाळाच्या अंगावर जाईल. मी फोनवर वाचलं, तिथे एकाने एक लिहिलंय, दुसऱ्याने दुसरं. मग मला वाटलं, माझ्या श्वासासाठी बाळाला कशाला..." तिचा श्वास तिथे संपला. तिने निळा पंप उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि माझ्याकडे बघून खाली ठेवला. "हाही मी अगदीच लागला तर घेते. रोज नाही."

"खिडकीतला आकडा तसं म्हणत नाही."

"तू आणि तुझे आकडे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, काही त्रास? मी म्हटलं, नाही."

मागच्या सोनोग्राफीचा कागद तिने मला दाखवला नव्हता, तो आता काढून दिला. बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने कमी, पुन्हा तपासावी, असं त्यात लिहिलं होतं. ती म्हणाली, "नीट जेवत नाही म्हणून असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयात जायचं ठरलं. त्या सकाळी विहीणबाई हरिहरेश्वरहून लवकरच आल्या. त्यांची तिथे यात्रेकरूंसाठी खानावळ आहे. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी त्या तासाभरासाठी निघू शकतात. सुनेसाठी त्यांनी ओल्या नारळाच्या करंज्या आणल्या होत्या. मी त्यांना अजून काही बोलले नव्हते. सुनेसमोर भांडण नको, डॉक्टरच सांगतील, असा माझा विचार.

मुलगी आंघोळीला गेली. न्हाणीघराचं दार लोटलेलं, आत वाफ आणि धूर. पाच मिनिटांत दाराला आतून धक्का बसला. मी उघडलं तर ती ओलेत्याने पाटावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत वर. मी हाक मारली तेव्हा ती "आई" एवढंच म्हणू शकली, तेही दोन तुकड्यांत. गळ्याच्या खाली खळगा पडत होता, प्रत्येक श्वासाला. मी तिला लुगडं गुंडाळून मागच्या पडवीत मोकळ्या हवेत आणलं आणि खुर्चीत ताठ बसवलं. यजमान पंप आणायला पळाले.

निळा पंप मी तिच्या तोंडाशी नेला तेव्हा विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. रागाने नाही.

"एकच द्या हो. जास्त नको. आत बाळ आहे."

"ती श्वास घेत नाहीये, विहीणबाई."

"पण बाळ..."

"ती नाही तर बाळ कुठे असेल?" मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला. एक दाब, श्वास, थांबा, दुसरा. असे चार दाब दिले, प्रत्येकामध्ये तिला श्वास घ्यायला वेळ देत. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. यजमानांनी कोपऱ्यावरची रिक्षा थेट अंगणात आणली, सुपारीच्या ताडपत्रीवरून. चाकाखाली सुपाऱ्या फुटल्याचा आवाज झाला. पुढे मागे कुणी त्याबद्दल बोललं नाही.

रुग्णालयात तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, त्यावर एक्याण्णव आलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या मुलीहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आकडा बघितला आणि परिचारिकेला ऑक्सिजन लावायला सांगितला. मग नेब्युलायझरचा मास्क, त्यातून वाफेसारखं औषध, आणि शिरेतून एक इंजेक्शन. मुलीला आडवं होऊ दिलं नाही, उशा लावून बसवलं. मग त्यांनी पोटावर छोटं यंत्र फिरवून बाळाचे ठोके शोधले. विहीणबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. ठोके लागले. भराभर, घोड्याच्या टापांसारखे. डॉक्टरांनी मान हलवली, पण यंत्र लगेच उचललं नाही. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"इंजेक्शन कसलं दिलंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"स्टिरॉइड."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांना सगळं कळलं असावं. मुलीचा आकडा शहाण्णववर येईपर्यंत त्या तिच्यापाशीच थांबल्या. मग स्टूल ओढून विहीणबाईंसमोर बसल्या.

"आजी, बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून. आज सकाळी आईलाच कमी पडत होता, म्हणजे बाळालाही कमीच. एखादा दिवस असा गेला तर बाळ सोसतं. महिनोन्‌महिने आईची छाती आवळलेली राहिली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आत ते जन्मू शकतं, आईचं ब्लडप्रेशर वाढायचा धोकाही वाढतो."

"पण औषध बाळाच्या अंगावर..."

"पंपातलं औषध श्वासनळीत पडतं. रक्तात जातं ते फार थोडं. कितीतरी गरोदर बायका हे पंप वर्षानुवर्षं घेत आल्यात, त्यामुळे त्याचा अनुभव मोठा आहे. बाळाला भीती आहे ती न घेतलेल्या पंपाची. रोजचा पंप नळीची सूज खाली ठेवतो. तो थांबवला, सूज वाढली, मग निळ्यावर निळा, आणि शेवटी आज हे इंजेक्शन. पंपात होतं त्याच्या कितीतरी पट स्टिरॉइड आज मला एकदम द्यावं लागलं. तेही गरजेचं होतं, आणि तेही द्यायला मी घाबरले नाही."

मी विचारलं, "बाळाची वाढ कमी आहे ती यामुळेच?"

"यामुळेच, असं मी सांगू शकत नाही. दुसरी कारणंही असतात, ती तपासू. पण हे कारण आपल्या हातातलं आहे."

हे उत्तर मला आवडलं. ज्याची खात्री नाही ते त्या बाईंनी खात्रीने सांगितलं नाही.

विहीणबाईंनी सुनेच्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "माझ्या जाऊबाईला दमा होता. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, तिच्या गोळ्यांनी गेलं." मुलगी मास्कमधून त्यांच्याकडे बघत होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"तेव्हा कशाने गेलं ते आज कुणी सांगू शकणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

दोन दिवसांनी घरी सोडलं. काही दिवसांच्या गोळ्या, तपकिरी पंप पुन्हा सुरू, आणि पंपाला जोडायची एक प्लास्टिकची नळी, म्हणजे औषध जिभेवर न पडता छातीत जावं. पंपानंतर चूळ भरायची. शिवाय फुंकर मारून छातीचा जोर मोजायचं एक साधं यंत्र, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी तिची फुंकर दोनशे साठवर गेली. हे आकडे मला लिहून ठेवायला सांगितले, आणि माझी मुलगी म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुणाला काम दिलंत."

घरी आल्यावर यजमान कुणाशी न बोलता कामाला लागले. सुपारी मधल्या खोलीतून गोठ्यात गेली. खोली पुसून घेतली, ओल्या फडक्याने, झाडू न मारता. न्हाणीघराची चूल बंद. विजेवर पाणी तापवायची कांडी आणली. आळीत चर्चा झाली की यांच्याकडे लेकीला चुलीचं पाणीसुद्धा मिळत नाही. संध्याकाळी डासांसाठी शेजारी झावळ्यांचा धूर करतात, त्यांना यजमानांनी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "लेक तुमची तशी आमची," आणि धूर वाडीच्या पार खालच्या टोकाला नेला.

विहीणबाई आता एक दिवसाआड फोन करायच्या. पहिला प्रश्न एकच. "तपकिरी घेतला का?" मुलगी हो म्हणाली तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "आकडा सांग बघू खिडकीतला." मुलगी फोन माझ्याकडे द्यायची. "घे, तुझी मैत्रीण." हळूहळू फुंकर तीनशे चाळीस, तीनशे ऐंशी अशी वर गेली, चारशेच्या आसपास थांबली. ती पुन्हा दहा वाक्यं एका दमात बोलू लागली, आणि त्यातली पाच माझ्याविरुद्ध असायची. पुढच्या सोनोग्राफीत बाळ वाढलेलं होतं. अजूनही लहानच, पण वाढलेलं.

तरी माझी धास्ती गेली नव्हती. मधले पाच महिने परत मिळणार नव्हते. हे मी कुणाला बोलले नाही. मुलीला ते माझ्याआधी कळलेलं होतं. ती कधीकधी पोटावर हात ठेवून हालचाल होण्याची वाट बघत बसायची, आणि झाली की नुसती मान हलवायची.

डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळंतपण अलिबागला केलं, कारण तिथे लहान वजनाच्या बाळांची सोय होती. तिच्या कागदावर दमा ठळक लिहिलेला होता, म्हणजे नंतर रक्तस्राव झालाच तर दम्याच्या बाईला कुठलं इंजेक्शन द्यायचं नाही ते तिथल्यांना ठाऊक असावं. कळा चालू असतानाही तपकिरी पंप वेळेवर दिला. सदतिसावा आठवडा पुरा झाल्यावर मुलगी झाली. दोन किलो दोनशे ग्रॅम. रडली ती लगेच, आणि जोरात. तरी दोन दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझी मुलगी चाकाच्या खुर्चीतून जाऊन काचेला हात लावून बसायची. तिसऱ्या दिवशी बाळ कुशीत दिलं. तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर बाळाच्या छातीला कान लावला.

घरी आल्यावर मावशी हजर. डोक्यावर पाटी, पाटीत शेगडी, वर धुरीचा पुडा. मी तिला अंगणातच अडवलं.

"मावशी, शेगडी नको. निखारे नको, धूर नको. आईला नको आणि बाळालाही नको."

"व्हय?" तिने पाटी खाली ठेवली. "मंग बाळंतीन कशाची? तुमच्या टायमाला मीच दिली हुती धुरी. मेलात का तुमी?"

"मी नाही मेले. मला दमा नव्हता."

"बाळ बघा केवढुसा. शेक न्हाय तर अंग कसा धरेल?"

"गरम पाण्याची पिशवी देते. कपड्यात गुंडाळून शेका. तेल, न्हाणं सगळं तुमच्या पद्धतीने."

"रबरी पिशवी!" मावशी यजमानांकडे वळली. "ऐकलात? उद्या म्हनतील तेलपन डॉक्टरला इचारून लाव."

"तेल तुमच्या हाताने," यजमान म्हणाले. "त्याचा डॉक्टरांना पत्ता नाही लागू द्यायचा." ती हसली, पण शेगडी परत नेताना हसत नव्हती. तिचं म्हणणं तिने बदललं नाही. सव्वा महिना रोज आली, रोज तेल लावलं, रोज रबरी पिशवीला नावं ठेवली. आणि रोज आत शिरण्याआधी अंगणातल्या नळावर हातपाय धुवायची, कारण तिच्या घरच्या चुलीचा धूर तिच्या अंगाला, लुगड्याला येतो हे तिचं तिलाच सुचलं. नंतर तर ती येताना धुतलेलं लुगडं नेसून येऊ लागली. बाळंतीण बाळाला पाजताना पंप घेते हे तिने पाहिलं तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "दुधात उतरंल की." मुलगी म्हणाली, "नाही उतरत तितकं. विचारलंय." मावशीने मान उडवली आणि बाळाचे पाय चोळत राहिली.

शेवटच्या दिवशी बाळ साडेतीन किलोला पोचलेलं होतं. मावशीने तिला मांडीवर उताणं घेतलं आणि म्हणाली, "शेगडीचा काम न्हाय झाला. त्याचे हजार कापा."

"कापत नाही," मी म्हटलं. ठरलेले बारा हजार, विसाराचे दोन वजा जाता दहा हजार मी तिच्या हातात मोजले. वर लुगडं दिलं. तिने पैसे कनवटीला लावले आणि बाळाला माझ्याकडे देताना म्हणाली, "आवाज चांगला हाय. छाती मोकळी हाय."

मुलगी सासरी निघायच्या दिवशी विहीणबाई न्यायला आल्या. मी बाजारापर्यंत सोबत गेले, वाटेत औषधाच्या दुकानाशी गाडी थांबवली. तपकिरी पंप संपत आला होता, नवा घ्यायचा होता. दुकानदाराने तीनशे ऐंशी सांगितले. मी पर्स उघडली. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं, पडवीत धरलं होतं तसंच, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून चारशे काढून दुकानदाराला दिले. वीस परत आले. ते त्यांनी मोजून घेतले आणि पंप स्वतः सुनेच्या पर्समध्ये ठेवला.